रेफरल चिठ्ठी लिहिताना या चुका टाळा: गरोदर बाईचं बीपी वाढलंय आणि चिठ्ठीत फक्त ‘इंजेक्शन दिले’

प्राथमिक आरोग्य केंद्रातून प्रसूतिगृहात येणाऱ्या चिठ्ठ्या मी गेली अनेक वर्षं वाचते आहे. पुढची चिठ्ठी एका कुणाची नाही. अशा बऱ्याच चिठ्ठ्या पाहून मी ती नमुना म्हणून तयार केली आहे.

‘वय २२, पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यात नोंदणी. रक्तगट बी पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन १०.२. धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झाली. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चालू. आज डोकं दुखतं म्हणून आली. बीपी वाढलेले. इंजेक्शन दिले. पुढील उपचारासाठी रेफर. अर्जंट.’

यातलं काहीच खोटं नाही. पण लिहिणाऱ्याने नोंदवहीच्या क्रमाने लिहिलंय. नोंदणी आधी झाली म्हणून ती वर आली, आणि आजचं संकट शेवटी गेलं. घेणाऱ्या डॉक्टरला नेमका उलटा क्रम लागतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘इंजेक्शन दिले’. हे इंजेक्शन बहुधा मॅग्नेशियम सल्फेट असतं, फिट येऊ नये म्हणून दिलेलं. केंद्रातून पाठवताना दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, असा एकूण १० ग्रॅमचा पहिला डोस देतात. चिठ्ठीत नाव, मात्रा आणि वेळ नसेल तर रात्री लेबर रूममध्ये आमच्यासमोर दोनच वाटा उरतात. दिलेलंच नाही असं धरून पुन्हा पूर्ण डोस दिला, तर गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, श्वास मंदावतो आणि कॅल्शियम ग्लुकोनेट घेऊन धावावं लागतं. दिलंय असं धरून थांबलो आणि ते इंजेक्शन दुसरंच काही असेल, तर बाईला फिट येऊ शकते. सोबत आलेल्या आशाताईला विचारावं तर ती सांगते, ‘दोन सुया मारल्या, मॅडम.’ तिने बिचारीने बरोबर पाहिलेलं असतं, पण औषधाचं नाव तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी चूक ‘पुढील उपचारासाठी’ ही. त्यात प्रश्नच नाही. तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवंय? बीपी आटोक्यात आणणं, रक्ताच्या तपासण्या, की आजच प्रसूती? ‘अर्जंट’चंही तसंच. तो शब्द जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर असतो, म्हणून त्याने कुणाचीच पावलं भराभर उचलत नाहीत. कशामुळे घाई आहे आणि किती तासांची, ते लिहा.

तीच चिठ्ठी मी अशी लिहीन:

‘तातडी: तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया, फिट येण्याचा धोका. पोहोचताच तपासावे. फोनवर कळवले आहे.
प्रश्न: लगेच प्रसूती करावी, की बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडला वेळ देता येईल? प्लेटलेट, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि नवजात अतिदक्षता कक्ष आमच्याकडे नाही.
आज: सकाळपासून डोकेदुखी, नजर अंधुक. फिट आलेली नाही. बीपी १०.४० ला १७०/११०, १०.५५ ला १६८/११२. लघवीत प्रथिने ३+. बाळाचे ठोके १४२.
दिले: निफेडिपिन १० मिग्रॅ तोंडाने, १०.५८. मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, ११.०५. डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ स्नायूत, ११.१०. निघताना गुडघ्याचा झटका आहे, श्वास मिनिटाला १८.
पूर्वेतिहास: २२ वर्षे, पहिलटकरीण, ३३ आठवडे (पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीनुसार). १२ व्या आठवड्यात बीपी ११०/७०. औषधांची ॲलर्जी नाही. रक्तगट बी पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन १०.२.’

रक्तगट गेला नाही, खाली सरकला. बाराव्या आठवड्यातलं बीपी मात्र नव्याने आलं, कारण बीपी आधीपासूनच होतं की गरोदरपणात वाढलं, हे त्या एका आकड्यावरून कळतं. ३३ आठवडे कशावरून धरले तेही लिहिलंय. पाळीची तारीख आणि सोनोग्राफी यांत तीन आठवड्यांचा फरक निघाला, तर स्टिरॉइडचा आणि प्रसूतीचा निर्णय बदलू शकतो. ‘फिट आलेली नाही’ हे तर आवर्जून लिहा. कोरी जागा सोडलीत तर आम्हाला वाटतं, विचारलंच नसेल.

एवढं लिहायला गाडी अडवू नका. वेळ नसेल तर आधी ‘दिले’ची ओळ वेळेसकट लिहा, मग प्रश्न. बाकीचं फोनवर सांगता येतं. एखादी गोष्ट नक्की माहीत नसेल तर तसंच लिहा: ‘पहिला डोस उपकेंद्रात दिल्याचे सांगतात, नोंद मिळाली नाही.’ आम्हाला तेही चालतं, कारण मग आम्ही आधी गुडघ्याचा झटका पाहतो, श्वास आणि लघवी मोजतो आणि नंतरच पुढची सुई भरतो.

चिठ्ठी कुणाच्या हाती देता, हेही बघा. नवरा केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, चिठ्ठी त्याच्या खिशात असते आणि बाई आत टेबलावर. एक प्रत बाईच्या केसपेपरला टाचा, दुसरी १०८ च्या डॉक्टरकडे द्या. मॅग्नेशियमची वेळ केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. डोस ११.०५ ला दिला असेल, तर पुढचा डोस दुपारी तीनच्या सुमारास येतो, आणि त्या वेळी ड्युटीवरची सिस्टर तेच पान उघडून बघते.