पॅटर्नची वर्कशीट: ‘पाछुं एक?’ विचारणाऱ्या मुलांसाठी

उत्तरायण जवळ आलं की आमच्या बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या दोन-तीन आया तरी ज्युनिअर केजीची वर्कशीट घेऊन दारात उभ्या राहतात. तक्रार दरवर्षी तीच. दिवाळीपर्यंत पॅटर्न छान जमत होते, आता अचानक चुकायला लागले. पानावर एक चौकोन, मग दोन, मग तीन आणि पुढे रिकामी जागा. पोराने ‘पाछुं एक?’, म्हणजे गुजरातीत ‘परत एक?’, विचारत तिथे पुन्हा एकच चौकोन काढलेला, त्यावर टीचरची लाल फुली.

ती फुली खरं तर त्या पानावर मारायला हवी. सहा महिने आपण पोराला शिकवलं की पॅटर्न म्हणजे तेच ते परत येणं. मग एक-दोन-तीन संपल्यावर त्याने परत एक काढला, तर तो शिकवलेलंच करतोय. आणि तीनच चित्रं दाखवली असतील तर त्याचं उत्तर चूकही म्हणता येत नाही. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन हाही पॅटर्नच आहे. पुढे वाढत जायचंय की मागे फिरायचंय, हे पानाने कुठे सांगितलं?

परत येणाऱ्या पॅटर्नकडून वाढत्या पॅटर्नकडे नेताना घसरतात ते इथेच. बाकीचं सोपं आहे, ते आधी उरकते.

परत येणारे पॅटर्न

ए-फोर कागद, पट्टी, काळं पेन आणि दोन मेणाचे खडू घ्या. आकारांच्या फक्त कडा काढा आणि रंग मुलाला भरू द्या. रंगीत पान झेरॉक्सला दिलं की लाल आणि निळा दोन्ही सारखेच करडे होऊन येतात, मग पोर कशावरून ओळखणार?

जो भाग परत परत येतो त्याला मी ‘डबा’ म्हणते, आगगाडीचा डबा. लाल-निळा हा दोनचा डबा, लाल-लाल-निळा हा तीनचा. पानावर तीन पूर्ण डबे दाखवल्याशिवाय रिकामी जागा ठेवू नका आणि ती दर वेळी डबा संपल्यावरच ठेवू नका. कधी डब्याच्या मधोमध ठेवा, कधी ओळीच्या मध्येच एखादा आकार गाळा. नेहमी शेवटीच जागा असेल तर मुलं ओळीचा पहिला आकार बघून तोच उतरवतात, आणि तो बरोबरही येतो. आपल्याला वाटतं, कळलं.

एका पानावर एकच गोष्ट बदलू द्या. रंग बदलत असेल तर सगळे गोलच, आकार बदलत असेल तर सगळे एकाच रंगाचे. बाजारातल्या पुस्तकांत लाल गोल, निळा चौकोन, निळा गोल असली खिचडी असते. ती ज्युनिअर केजीसाठी नाही.

कळलंय की नाही हे बघायला अजून एक वर्कशीट देऊ नका. त्याला डब्याभोवती गोल करायला सांगा. मग तोच पॅटर्न टाळ्यांनी करायला सांगा: लाल-लाल-निळा म्हणजे टाळी-टाळी-चुटकी. नवरात्रात गरब्याची बे ताळी, त्रण ताळी बघितलेली पोरं हे चटकन करतात. जमलं की पुढे चला.

वाढते पॅटर्न, आधी जमिनीवर

वर्कशीट नंतर. आधी एकाच रंगाचे ठोकळे घेऊन खाली बसा. एका ठोकळ्याचा टॉवर, शेजारी दोनचा, मग तीनचा, मग चारचा. चारच्या आधी प्रश्न विचारायचा नाही.

आणि ‘पुढे काय येईल?’ असं तर मुळीच विचारू नका. हा प्रश्न मुलांनी डब्यांच्या वेळी शंभरदा ऐकलेला असतो. तो कानावर पडला की त्यांची नजर ओळीच्या सुरुवातीला जाते आणि आवाज येतो, ‘टीचर, पाछुं एक?’ त्याऐवजी पहिला आणि दुसरा टॉवर जवळ सरकवून विचारा, ‘ह्याचा तो करायला काय ठेवलं?’ ‘एक ठोकळा.’ मग दुसरा आणि तिसरा जवळ आणून परत विचारा. मुलाने ओळ बघायची नाही, शेजारची जोडी बघायची. इथे डबा नसतोच. प्रत्येक टॉवर आधीच्या टॉवरवर उभा असतो.

मी पहिल्या वर्षी ठोकळ्यांऐवजी पोळ्यांची चळत घेतली होती. आई पोळ्या लाटतेय, एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या, आता किती? मला वाटलं, घरातलं उदाहरण, लगेच कळेल. एक मुलगा ठामपणे म्हणाला, ‘एक.’ का रे? ‘पप्पांनी दोन खाल्ल्या.’ त्याला चूक ठरवायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी अशीच वस्तू घेते जी कोणी खाणार नाही, विकणार नाही की वापरून संपवणार नाही.

नवा ठोकळा वेगळ्या रंगाचा घ्यावा, हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. जुने पिवळे, नवा लाल. मी हे दोन वर्षं केलं आणि दोन वर्षं तेच ऐकलं: ‘आधीच्या टॉवरमध्ये तो लाल होता, आता पिवळा कसा झाला?’ प्रश्न अगदी रास्त आहे. लक्ष वाढीवर जायचं ते रंग बदलण्यावर गेलं, आणि काही मुलं पिवळा-लाल असा डबाही शोधायला लागली. आता मी सगळे ठोकळे पिवळेच ठेवते आणि प्रत्येक टॉवरच्या सगळ्यात वरच्या ठोकळ्याला कपाळावरची टिकली चिकटवते. नवा आला की टिकली त्याला. मुलं टिकलीवर बोट ठेवून सांगतात, ‘हा नवीन.’

मग कागदावर

कागद आडवा धरा. खाली एक जाड रेघ ओढा, ती जमीन. प्रत्येक चौकोन 2 सेंटिमीटरचा, कारण त्याहून लहान चौकोनात खडू मावत नाही. दोन टॉवरांच्या मध्ये 3 सेंटिमीटर मोकळी जागा. पाच टॉवर 10 सेंटिमीटर आणि मधल्या चार जागा 12, म्हणजे 22. कागद जवळपास 30 सेंटिमीटर रुंद असतो, तेव्हा आरामात बसतं. एका पानावर एकच पॅटर्न.

ही मोकळी जागा कमी करू नका. टॉवर चिकटले की पोराला एकच जिना दिसतो. मग ते पायऱ्यांची तिरकी रेघ ओढत जातं, मोजत काहीच नाही, आणि उत्तर बरोबर दिसतं.

एक ते चार टॉवर काढा आणि वरच्या चौकोनात टिकलीएवढा ठिपका द्या. पाचव्या जागी जमिनीवर फक्त एक छोटा झेंडा काढा. मला सगळ्यात जास्त त्रास ह्या पाचव्या जागेनेच दिला. आधी मी तिथे एक रिकामा चौकोन छापायची, तर मुलं तो एक चौकोन रंगवून मोकळी व्हायची. ‘पाछुं एक’ला मीच आमंत्रण देत होते. मग पाच चौकोन उंचीची रिकामी पट्टी काढली, तर सगळ्यांचं बरोबर आलं, कारण उत्तर मीच छापलं होतं. झेंडा उंची सांगत नाही आणि जागा मात्र दाखवतो.

रंगवण्याआधी मुलाला पाचवा टॉवर ठोकळ्यांनी त्या झेंड्यावर उभा करू द्या. 2 सेंटिमीटरचेच ठोकळे असतील तर उत्तम. मग बाजूला ठेवून काढू दे.

दुसरं पान: पतंग

पहिलं पान जमलं म्हणून टाळ्या पिटू नका. एक, दो, तीन म्हणता येणारं मूल पाचवर पोचतंच, त्याला पॅटर्न दिसला असेलच असं नाही. म्हणून दुसऱ्या पानात एक आकार न बदलणारा हवा. माझ्याकडे तो पतंग असतो.

उभा कागद, वर चार पतंग, सगळे सारखे, लाल. पहिल्याला शेपटीत दोन त्रिकोण, दुसऱ्याला तीन, मग चार, मग पाच. सुरुवात मुद्दाम दोनपासून, म्हणजे अंकांची पोपटपंची कामाला येत नाही. पाचवा पतंग नुसता, शेपटी मुलाने काढायची. आपल्या उत्तरायणच्या पतंगाला अशी लांब शेपटी नसते, हे मुलं तुम्हाला सांगणारच. तेव्हा, पतंग गोते खातो म्हणून बांधली, असं सांगा.

इथे तीन प्रकारचे गोंधळ होतात आणि तिन्हींचं कारण वेगळं. शेपटीत दोनच त्रिकोण काढले, तर पोर अजून डब्यातच आहे, त्याला ठोकळ्यांकडे परत न्या. पाचच काढले, तर त्याने शेजारचं उतरवलंय. त्याला चौथा आणि पाचवा पतंग दाखवून ‘काय ठेवलं?’ विचारा, बहुतेकदा तिथल्या तिथे सुधारतं. आणि सहा त्रिकोण काढून पतंगही मोठा काढला, तर ते चूक धरू नका. वाढतंय हे त्याला कळलंय, काय वाढतंय आणि काय तसंच राहतंय हे वेगळं करायचं बाकी आहे. सगळ्या पतंगांवर बोट फिरवून ‘हा बदलला?’ एवढंच विचारा.

दोन-दोनने वाढणारे पॅटर्न सीनिअर केजीत. कोपऱ्यात एक चौकोन, मग त्याच्या वर एक आणि उजवीकडे एक, मग दोन्ही टोकांना अजून एकेक: एक, तीन, पाच. ते फक्त ठोकळ्यांनी करा, कागदाची घाई नको.

पतंगाच्या पानावर खाली ऐसपैस जागा सोडा. मी सोडली नव्हती, तर एका मुलीने शेवटचे दोन त्रिकोण बाकावर काढले. मोजले, सहा होते.