लॉजच्या परवाना नूतनीकरणाचा अर्ज : लिहायला बसण्याआधी

पंढरपुरात स्टेशनच्या बाजूला चौदा खोल्यांचं एक लॉज आहे, परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि अर्ज जायचाय नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, असं धरून चालू. मुदत संपते त्याच सुमारास चैत्री वारी येते. तेव्हा मालकाला फुरसत नसते आणि कार्यालयातले अर्धे लोक वारीच्या कामावर असतात. म्हणून अर्जाची फाईल जानेवारीत उघडावी, पण अर्ज मात्र सगळ्यात शेवटी लिहावा. गेल्या वर्षीच्या पत्रातली तारीख बदलून सही ठोकली की जुना तपशील नव्या कागदांशी भांडायला लागतो.

आधी टेबलावर चार कागद शेजारी-शेजारी ठेवा : चालू परवाना, मालमत्ता कराचं बिल, मंजूर बांधकाम नकाशा आणि अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र. चारही कागदांवर लॉजचं नाव, परवानाधारकाचं नाव, मालमत्ता क्रमांक, वापराचा प्रकार आणि खोल्यांची संख्या यांवरून बोट फिरवा. करबिलावर आजोबांचं नाव, परवान्यावर वडिलांचं आणि सही करणार मुलगा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पण परवानाधारक हयात नसतील तर मुलाच्या सहीचा नूतनीकरणाचा अर्ज चालणार नाही. ते परवाना हस्तांतरण होतं. लोकसेवा हक्काच्या यादीत नूतनीकरण, हस्तांतरण, व्यवसायाचं नाव बदलणं आणि भागीदार बदलणं या वेगवेगळ्या सेवा आहेत, त्यांचे अर्जही वेगळे. तेव्हा वारसाचे कागद काढून तो अर्ज आधी मार्गी लावावा. करबिलावर वापर ‘निवासी’ लागला असेल तर तोही प्रश्न आताच सोडवायचा. परवान्याच्या टेबलावर तो सुटत नाही.

पत्राचा जीव जागेच्या परिच्छेदात असतो. ‘उपरोक्त पत्त्यावर आमचे लॉज आहे’ एवढ्यावर भागवू नका. असं लिहा : ‘सदर लॉज सि.स.नं. अमुक, नगरपरिषद मालमत्ता क्र. तमुक येथे असून इमारत तळमजला अधिक दोन मजले आहे. तळमजल्यावर स्वागतकक्ष व चार खोल्या, पहिल्या व दुसऱ्या मजल्यावर प्रत्येकी पाच खोल्या, अशा एकूण १४ खोल्या व २८ खाटा आहेत. प्रत्येक खोलीस स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. पाणीपुरवठा नगरपरिषदेच्या नळजोडणीवरून होतो. जागेत स्वयंपाकघर नाही व खाद्यपदार्थांची विक्री होत नाही. मागील नूतनीकरणानंतर बांधकाम, खोल्यांची संख्या, वापर अथवा मालकी यांत बदल झालेला नाही.’

यातलं शेवटचं वाक्य लिहिण्याआधी जिना चढून वर जा आणि खोल्या मोजा. समजा, जुन्या परवान्यावर १२ खोल्या आहेत. तळाला चार, पहिल्यावर पाच, दुसऱ्यावर तीन आणि एक हॉल. मध्यंतरी कधीतरी त्या हॉलमध्ये प्लायचं पार्टिशन घालून दोन खोल्या झाल्या. नकाशात अजून हॉलच आहे, करबिलातही तसंच, पण अग्निसुरक्षेच्या एजन्सीनं जागेवर येऊन १४ खोल्या मोजल्या आणि तसं लिहून दिलं. असे कागद एकाच फाईलमध्ये गेले तर तफावत आपणच हाताने नेऊन दिल्यासारखी होते, आणि ‘बदल झालेला नाही’ या वाक्याखाली आपली सही असते. अशा वेळी दोनच सरळ वाटा आहेत. पार्टिशन काढून १२ खोल्यांचं नूतनीकरण मागायचं, नाहीतर बदल पत्रात उघड लिहायचा, नगररचना विभागाकडून वाढीव खोल्यांना मान्यता घ्यायची आणि परवान्यात तशी दुरुस्ती मागायची. वाढीव खोल्यांची फी वाचवायला १२ चा आकडा तसाच ठेवणारे भेटतात, पण दारावर २०५ नंबर रंगवलेला असताना हे किती दिवस झाकणार?

खाटा मोजताना कायमच्या खाटाच धरा. आषाढीला टाकलेल्या जादा गाद्या हा क्षमतेचा आकडा नव्हे.

अग्निसुरक्षेकडे जरा सावकाश बघा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. सगळे त्याला फॉर्म बी म्हणतात. मार्चच्या अर्जाला जानेवारीचं लागतं, पण फाईलमध्ये वर असतं म्हणून जुलैचंच जोडलं जातं. तारीख बघा, पत्ता करबिलाप्रमाणे आहे का बघा, आणि एजन्सीच्या परवान्याची मुदत शिल्लक आहे का तेही बघा. मग कागद बाजूला ठेवून जिन्यातल्या सिलिंडरपाशी जा. काटा हिरव्या पट्ट्यात हवा आणि लेबलवरची रिफिलिंगची तारीख प्रमाणपत्राशी जुळायला हवी. तपासणीला येणारा माणूस कागद वाचण्याआधी ते लेबल फिरवून बघतो. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात वारीच्या गाद्यांची थप्पी रचलेली असेल तर ती आजच हलवा. बाहेर पडायची वाट अडली असेल तर प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही.

बाकीचे कागद सोपे आहेत. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या हव्यात, नुसती बिलं नव्हेत. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी किंवा सूचनेची पोच, कामगारांचे वैद्यकीय दाखले, पाण्याच्या टाकीची सफाई आणि कीटकनाशक फवारणीची पावती लागते. यातलं नेमकं काय मागतात ते आपल्या कार्यालयाच्या यादीवरून पडताळा, कारण गावोगावी फरक असतो. जागा भाड्याची असेल तर करारात ‘लॉजिंगसाठी’ असा उल्लेख हवा आणि त्याची मुदत पुढचं परवाना वर्ष झाकणारी हवी. चहा-नाश्ता विकत असाल तर अन्न परवाना जोडा आणि वरचं स्वयंपाकघराचं वाक्य बदला.

आता पत्र. विषयात वर्ष स्पष्ट लिहा : ‘लॉजच्या व्यवसाय परवान्याचे सन २०२६-२७ साठी नूतनीकरण करून मिळणेबाबत.’ संदर्भात जुना परवाना क्रमांक, दिनांक आणि मुदत येते. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात जागा, तिसऱ्यात कर आणि फी भरल्याचा तपशील पावती क्रमांकासह. नम्रतेची लांबण नको, ‘आपला विश्वासू’ पुरे. खाली ‘सोबत’ लिहून प्रत्येक कागदाचं नाव, क्रमांक, दिनांक आणि पानं द्या. नुसतं ‘फायर एनओसी’ न लिहिता ‘फॉर्म बी, दि. अमुक, पाने २’ असं. सगळ्या पानांवर उजव्या कोपऱ्यात सलग क्रमांक घाला आणि प्रतींवर स्वसाक्षांकन करा. पुढे एखादं पान गहाळ झालं तर ते कुणाकडे झालं हे त्या आकड्यांवरूनच कळतं.

दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेऊनच खिडकी सोडा. ऑनलाइन भरलंत तर अर्ज क्रमांकाची पावती छापून ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत मोजायची आणि पुढे अपील करायचं तर आधार या पोचेचाच असतो. त्रुटीचं पत्र आलं तर नवा अर्ज न करता त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन पूर्तता करा, आणि त्या पूर्ततेचीही पोच घ्या.