सुतारकामाचं बेंच करायला घेताय? आधी लाकूड वाळलंय का ते बघा

मागच्या वेळी चवथीच्या आधी बेंच उभं करायचंच म्हणून मी जुलैत किंदळाच्या फळ्या आणल्या, आठवडाभर पडवीत ठेवल्या आणि कामाला लागलो. गणपती आले तेव्हा बेंच टणक उभं होतं. शिमग्याला त्याच बेंचवर दाराची चौकट ठेवून रंधा मारू लागलो तर सगळं बेंच रंध्याबरोबर पुढे-मागे झुलायला लागलं. टॉपचा एक कोपरा उचलला होता, पायांच्या सांध्यांत पोस्टकार्ड सहज जाईल एवढी फट होती, आणि 560 मिलिमीटर रुंदीचा टॉप 549 वर आला होता. सांधे मी मन लावून केले होते, मापंही चुकली नव्हती. लाकूड ओलं होतं, बस. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे.

हत्यारांबद्दल थोडक्यात. करवत, रंधे, गुण्या, मार्किंग गेज, निदान चार लांब क्लॅम्प, आणि खोबणीच्या रुंदीइतकीच रुंद पटाशी. पटाशीचं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, खाली लागेल. धार लावून ठेवा, हे सांगायला नको.

आता लाकूड. किंदळ, मट्टी, फणस, सागवान, यांतलं जे सरळ दोऱ्याचं आणि परवडणारं मिळेल ते घ्या. मट्टी वजनदार आहे आणि बेंचला वजन हवंच असतं, पण वाळताना ती चिरते, त्यामुळे आधीच वाळलेली मिळाली तरच घ्या. सागवान कमी हलतं, पण बेंचभर सागवानाचे पैसे मोजायची गरज नाही. गाभ्याचं लाकूड घ्या. कडेचं पांढरं लाकूड किडा आधी धरतं, तेवढं कापून टाका. जातीबद्दल याहून जास्त विचार करू नका. कुठल्याही जातीचं वाळलेलं लाकूड ओल्या सागवानापेक्षा बरं.

वखारीत तुम्हाला सांगतील, ‘वर्षभर पडून आहे.’ विचारा, काय पडून होतं, ओंडका की फळ्या? सालीसकट पडलेला ओंडका वर्षभरात आतून फारसा वाळत नाही. फळ्या पाडल्या त्या दिवसापासून वाळणं मोजायचं. मला मिळालेलं उत्तर खोटं नव्हतं, मी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. हात लावून काही कळत नाही, फळीचा पृष्ठभाग दोन दिवसांच्या उन्हात कोरडा होतो. सुया टोचायचं मीटर असेल तर फळीवर वरून टोचू नका. एक टोक कापा आणि ताज्या कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी टोचा.

मीटर नसेल तर घरचा ओव्हन आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. फळीच्या टोकापासून निदान 30 सेंटिमीटर आत जाऊन बोटभर जाडीचा आडवा तुकडा कापा, कारण टोकं आधी वाळतात आणि फसवतात. लगेच वजन करा. मग 100 ते 105 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा आणि दर काही तासांनी वजन करत राहा. सलग दोनदा वजन तेच आलं की पाणी संपलं. ओव्हन सोडून बाहेर जाऊ नका, तुकडा काळा पडू लागला तर उष्णता जास्त आहे. बिघडलेल्या बेंचनंतर उरलेल्या फळ्यांतली एक, जी तेव्हापासून प्लास्टिकमध्ये गुंडाळून होती, मी अशी तपासली. आधी 156 ग्रॅम, शेवटी 125. गेलेलं पाणी 31 ग्रॅम, ते कोरड्या वजनाने भागायचं: जवळपास 25 टक्के. आपल्या किनाऱ्याकडच्या हवेत घरातलं लाकूड उन्हाळ्या-हिवाळ्यात 12 टक्क्यांच्या आसपास आणि भर पावसाळ्यात 18 च्या आसपास येऊन स्थिरावतं. म्हणजे माझं लाकूड पावसाळ्यातल्या हवेच्या मानानेही ओलं होतं. 25 वरून 13 वर येताना ते जेवढं आकसलं तेवढ्यात सगळे सांधे गेले.

पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. खरंच थांबा. फळ्या जमिनीपासून वीतभर उंच रचा, प्रत्येक दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या रिपा अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, आणि वरची रीप बरोबर खालच्या रिपेच्या डोक्यावर. रिपा मागेपुढे पडल्या तर फळ्या तिथेच वाकतात आणि तशाच वाळतात. टोकांना ऑइलपेंटचे दोन हात द्या म्हणजे टोकं चिरणार नाहीत. वरून ऊन-पाऊस नको, बाजूंनी वारा हवा. दोन इंची फळीला उघड्या हवेत दोन वर्षं लागू शकतात. तेवढा धीर नसेल तर भट्टीत वाळवलेलं विकत घ्या, पण तेही घरी आणून निदान महिनाभर अशाच रिपांवर ठेवा. ज्या खोलीत बेंच राहणार त्याच खोलीत. एक आखूड फळी बाजूला ठेवा, तिचीही टोकं रंगवा, दर रविवारी तिचं वजन लिहून ठेवा. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की लाकूड त्या खोलीचं झालं. त्याआधी करवत लावू नका. चवथ जवळ आली म्हणून लावू नका, क्लॅम्प उसने आणलेत आणि परत द्यायचे आहेत म्हणूनही लावू नका.

आणि महिना बघा. टॉप डिसेंबर ते मे या काळात जोडा. मला बेंच बघायला आलेल्या म्हाताऱ्या मेस्तांनी सांधे नाही बघितले, पहिला प्रश्न विचारला: “बाबू, हे कुठल्या महिन्यात केलंस?”

लाकूड वाळलं असेल तर पुढचं काम सोपं आहे. माझं बेंच दीड मीटर लांब आहे. पाय 90 मिलिमीटर चौरस, आडव्या पट्ट्या 50 जाड आणि 100 रुंद. वरखाली वजन सगळीच बेंचं पेलतात, पण रंधा मारताना जोर आडवा लागतो, आणि तो जोर खालच्या लांब पट्ट्या आणि त्यांचे सांधे झेलतात. म्हणून या पट्ट्या अरुंद घेऊ नका.

दोन्ही बाजूंच्या चौकटी, म्हणजे पुढचा पाय, मागचा पाय आणि त्यांना जोडणाऱ्या दोन आखूड पट्ट्या, कायमच्या जोडायच्या. आधी पायात खोबण पाडा, मग पट्टीच्या टोकाला तिच्यात बसेल असं कुसू करा, उलट नाही. खोबणीची रुंदी तुमच्या पटाशीइतकी, साधारण 18 मिलिमीटर. कुसू पायाच्या आरपार जाऊ द्या, बाहेरच्या टोकाला दोन चिरा द्या आणि डिंक लावून पाचरी ठोका. कुसू हाताच्या जोराने आणि लाकडी हातोडीच्या एखाद-दुसऱ्या ठोक्याने आत जायला हवं. नुसतं सरकत गेलं तर सैल आहे, त्यावर पातळ पट्टी चिकटवून पुन्हा तासा, डिंकाने ती जागा भरून निघत नाही. कुसवाचे खांदे पायाला सगळीकडून टेकतात का ते उजेडाकडे धरून बघा. माझ्या जुन्या बेंचमध्ये हेच खांदे सुटले. पाय जाडीत आकसले, त्यामुळे पट्टीचा खांदा पायापासून दूर राहिला. कुसू रुंदीत आकसलं आणि खोबणीत खेळू लागलं. पाचरी जागच्या जागी होत्या आणि तरी सांधा हलत होता. ओल्या लाकडात कितीही घट्ट सांधा केला तरी हेच होतं.

लांब पट्ट्या मात्र चिकटवू नका. आखूड कुसू ठेवा आणि पायातून पट्टीत जाणारा 12 मिलिमीटरचा बोल्ट घाला, पट्टीच्या आत नट बसवायला आडवं भोक पाडा. बेंच दारातून न्यायचं असेल तर सुटं होतं, आणि उन्हाळ्यात लाकूड थोडं आकसलं की पाना घेऊन आवळता येतं. बोल्ट स्टेनलेस घ्या. साधं लोखंड आपल्या हवेत गंजतं, आणि मट्टी किंवा सागवानाला लागून काळे डाग पाडतं.

टॉप जाड ठेवा, रंधून 65 मिलिमीटर. जाडीचा फरक दिसतो त्याहून मोठा आहे: 40 ऐवजी 65 केली तर टॉपचा ताठपणा चौपटीहून जास्त होतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. फळ्या उभ्या करून, म्हणजे कड वर येईल अशा, एकमेकींना चिकटवा. सगळ्यांचा दोरा एकाच दिशेला असू द्या, नाहीतर रंधा मारताना अर्ध्या फळ्या उचकटतात. पाणी सहन करणारा डिंक वापरा. आणि पुन्हा सांगतो, चिकटवायच्या आधी वजनाची वही बघा.

सपाटपणा बघायला दोन सारख्या सरळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घ्या, टॉपच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. जी दोन उंच टोकं तिरक्या रेषेत असतात तिथून रंधायला लागा. हे टॉप पायांवर बसवल्यावर करा, आधी केलं तर दोनदा करावं लागेल.

टॉप पायांना बांधताना पुढची कड पक्की, मागची मोकळी. मागच्या बाजूच्या भोकांना आडव्या दिशेने लांबट करा, स्क्रूच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जागा राहील अशी. वाळलेलं लाकूडसुद्धा पावसाळ्यात फुगणारच. 12 वरून 18 टक्क्यांवर जाताना सागवानाचा एवढा टॉपही सहा मिलिमीटरच्या आसपास रुंद होतो. दोन्ही कडा आवळल्या तर टॉप चिरेल किंवा पाय फाकवेल.

उंची मनगटाच्या हाडाशी. शिकंजा समोरच्या डाव्या पायापाशी, डावखुरे असाल तर उजव्या. पायांखाली रबराचे तुकडे, चिऱ्याच्या किंवा शहाबादी जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. तेलाचे दोन हात, खालच्या बाजूलाही. वार्निश नको, वस्तू घसरते. पहिल्या पावसाळ्यानंतर बोल्ट आवळा आणि टॉप पुन्हा एकदा रंधा.