डाउनलाइटची भोकं पाडण्याआधी पंखा बघा

फॉल्स सीलिंगसाठी लाइट आधी विकत घ्या, मग भोक पाडा. एकाच वॉटच्या लाइटचं कटआउट, म्हणजे भोकाचं माप, कंपनीगणिक बदलतं, आणि बाहेरची रिंग जेमतेम काही मिलिमीटर चूक झाकते. खोक्यावरचा आकडा मिलिमीटरमध्ये बघून त्याच मापाचा होल कटर आणा.

खरा घोळ जागा ठरवताना होतो. जुळे सोलापुरातला एक नेहमीचा हॉल घ्या: दहा बाय पंधरा, सीलिंग नऊ फुटांवर. लाइटपासून भिंतीचं अंतर दोन लाइटमधल्या अंतराच्या निम्मं, या हिशोबाने तीन-तीनच्या दोन ओळी येतात. लाइट एकमेकांपासून पाच फूट, भिंतीपासून अडीच. कागदावर झकास दिसतं, पण मधे पंखा आहे आणि सोलापुरात तो काढा म्हणायची कुणाची टाप नाही.

अठ्ठेचाळीस इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट जातं. मधली जोडी मध्यापासून अडीच फुटांवर, म्हणजे पात्याच्या टोकापासून फक्त सहा इंच लांब. पातं सीलिंगखाली फूटभर असेल, तर साठ अंशांच्या लाइटचा झोत तिथवर सात इंच पसरलेला असतो. तो पात्यावर पडतो आणि पंखा फिरला की भिंत लुकलुकते. मग लोक लाइट खराब म्हणून बदलून आणतात!

दोन्ही पूर्ण ओळी भिंतीकडे अर्धा फूट सरकवा. फक्त मधली जोडी सरकवली तर ओळ वाकडी दिसते. आता टोकापासून फूटभर अंतर मिळतं आणि दोन ओळींत सहा फूट राहतात. टेबलाच्या उंचीवर साठ अंशांचा झोत साडेसात फूट रुंद होतो, त्यामुळे उजेड एकमेकांत मिसळतो. छत्तीस अंशांचा सव्वाचार फुटांतच संपतो आणि मधे काळे पट्टे राहतात. दुकानदार 'फोकस भारी पडतो' म्हणून तोच गळ्यात मारतात. तो फोटोफ्रेमवर लावा, हॉलभर नको.

सीलिंगचे बोर्ड चढण्याआधी मधला एक लाइट ठरल्या जागी सांगाड्याच्या चॅनलला बांधा आणि रात्री पंखा चालू करून भिंत बघा. सावली हलली तर अजून सरकवा. खुणेवर चॅनल आला तर तो कापू नका, ओळच दोन इंच हलवा.

ड्रायव्हर, म्हणजे लाइटला वीज पुरवणारी छोटी डबी, लाइटच्या पाठीवर ठेवू नका. वरच्या मजल्यावर मे महिन्यात स्लॅबखालची पोकळी भट्टीसारखी तापते, त्यात लाइटची उष्णता मिळाली की आधी ड्रायव्हरच जातो. वायर पुरेल तेवढा, साधारण वीतभर बाजूला, मोकळ्या जागी ठेवा. बसवतानाच तो भोकातून परत ओढून काढून बघा. अडकत असेल तर उद्या बदलायला सीलिंग फोडावं लागेल.