उत्तरसूची चुकली की पोरगी? हे ठरवताना या चुका टाळा

मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. एका हातात शिष्यवृत्तीच्या सरावाची कार्यपत्रिका, दुसऱ्या मुठीत पऱ्हाटीच्या काड्या.

"सर, सतरावं गणित माह्यं बरोबर होतं जी. तुमी फुली मारली."

"मागच्या पानावर उत्तर पाहिलं का?"

"पाह्यलं. मागचं पानच चुकलं हाय."

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या गावात मी शिकवतो, तिथं पोट्टे सरांशी सहसा वाद घालत नाहीत आणि छापलेल्या कागदाशी तर नाहीच. म्हणून मी कार्यपत्रिका हातात घेतली. गणित असं होतं: १२० मीटर लांबीच्या सरळ बांधावर, दोन्ही टोकांना झाड येईल अशा रीतीनं, दर १० मीटरवर एक सागाचं झाड लावायचं आहे. एकूण किती झाडं लागतील? पर्याय ११, १२, १३ आणि १४. उत्तरसूचीत पर्याय क्रमांक २, म्हणजे १२.

माझी चूक: सूची शेजारी धरून पेपर तपासणं

मी हे गणित सोडवलंच नव्हतं. सूचीचं पान डावीकडे, पेपरांचा गठ्ठा उजवीकडे, आणि लाल पेन चालू. बरं, सोडवायला घेतलं असतं तरी फसलो असतो, कारण १२० भागिले १० हे इतकं सरळ निघतं की बारा आल्यावर हात थांबतो. सूची बनवणाऱ्याचंही बहुधा असंच झालं असावं.

तेव्हापासून मी एक करतो. एखाद्या प्रश्नात वर्गातली नेमकी हुशार पोरं एकच 'चुकीचं' उत्तर देताना दिसली, की पेन खाली ठेवतो आणि तो प्रश्न स्वतः सोडवतो. चुकणारी पोरं निरनिराळी उत्तरं देतात. बरीच जणं विचार करून एकाच उत्तरावर आली असतील, तर आधी सूचीकडे संशयानं पाहावं. माझ्या गठ्ठ्यात तेराला फुली मिळालेले आणखी चार पेपर निघाले.

तिची चूक: खोडरबर

फुली पाहून तिनं घरी आधी १३ खोडलं आणि १२ लिहिलं होतं. शेजारी काढलेली आकृतीही पुसली होती. कागदावर काळपट डाग आणि त्याखाली पुसट तेरा तेवढा उरला होता. रीत पुसली की उत्तर कुठून आलं हे कुणालाच सांगता येत नाही, ना तिला ना मला. तिला ते सगळं अंगणात पुन्हा करावं लागलं, काड्या त्यासाठीच. सूचीशी उत्तर जुळलं नाही तर त्यावर एकच आडवी रेघ मारायला सांगा. खालचं वाचता आलं पाहिजे.

सूची चुकली म्हणण्याआधी

यात घाई फार होते. 'सूचीच चुकली' ही तक्रार घेऊन येणारी बरीच पोरं खरं तर सूची वाचायला चुकलेली असतात. सूचीत छापलेला आकडा पर्यायाचा क्रमांक असतो, उत्तर नसतं, २ पाहून "उत्तर दोन कसं येईन जी?" असं विचारणारा एक तरी दरवर्षी भेटतो. जुनी प्रश्नपत्रिका सोडवत असाल तर संच कोड पाहा. ए संचाचा पेपर आणि बी संचाचा रकाना अशी गल्लत झाली, तर निम्म्याहून जास्त उत्तरं चुकलेली दिसतात.

मग शेजारचे प्रश्न पाहावेत. कधी छापताना एक ओळ गळते आणि तिथून पुढं सगळी सूची एका घरानं सरकते. अशा वेळी अठराव्याचं उत्तर सतराव्यापुढे सापडतं आणि तिथून पुढची सगळीच बिघडलेली असतात. आम्ही सोळावा आणि अठरावा सोडवून पाहिला, दोन्ही जुळले. म्हणजे सूची सरकलेली नव्हती, दोष एकट्या सतराव्यात होता.

आता गणिताची पाळी. मी तिला म्हटलं, "एकशेवीस राहू दे. वीस मीटरचाच धुरा घे."

तिनं टेबलावर तीन काड्या ठेवल्या. शून्यावर एक, दहावर एक, विसावर एक. भागाकार म्हणतो दोन, काड्या झाल्या तीन. तीस मीटरला चार. मोठा आकडा लहान करून हातानं मोजणं ही पडताळणीची सगळ्यात खात्रीची रीत, कारण तिच्यात भागाकाराचा भरवसा धरावाच लागत नाही. अंगणात तिनं पावलागणिक एक काडी रोवून बारा पावलं चालून पाहिली होती, आणि तेरा काड्या लागल्या होत्या. भागाकारानं निघतात ती मधली अंतरं. झाडं अंतरांच्या टोकांवर उभी असतात, म्हणून एक जास्त.

इथं बहुतेक जण थांबतात. मी आणखी एक प्रश्न विचारायला लावतो: सूचीतलं उत्तर कोणत्या गणिताचं बरोबर उत्तर ठरेल? धुऱ्याच्या एकाच टोकाला झाड हवं असतं, तर १२ बरोबर. दोन्ही टोकं रिकामी ठेवायची असती, तर ११. प्रश्नात 'दोन्ही टोकांना' हे शब्द नसते, तर वाद मिटलाच नसता. तेव्हा सूचीला चूक म्हणता येत नाही, प्रश्न अपुरा आहे असंच म्हणावं लागतं. इथं ते शब्द स्पष्ट छापलेले होते. तेरा.

पाच पेपरांवरची फुली काढून मी गुण दिले.

आणि मग उलटी चूक

आठवड्यानं ती पुन्हा आली, या वेळी चांगलीच ऐटीत. "सर, बाविसावंही चुकलं हाय."

६० मीटर परिघाच्या गोल तळ्याभोवती दर ५ मीटरवर एक झाड, एकूण झाडं किती? सूचीत १२. हिचं उत्तर १३.

"कसं काढलं?"

"साठ भागिले पाच बारा, अन् एक जास्त."

पहिल्या वेळी तिनं काड्या मोजल्या होत्या. या वेळी 'एक जास्त' हे सूत्र पाठ होतं आणि सूची खोटी असते हेही. शिक्षकानं अशा वेळी 'नाही गं, हे बरोबर आहे' म्हणून मोकळं होणं ही मोठी चूक, कारण मग पोरीला वाटतं की सर पुन्हा छापील कागदाच्या बाजूनं गेले. मी तिला हापशीभोवतीच्या ओट्याकडे पाठवलं. गोल ओटा, काठावर सारख्या अंतरानं खडे ठेवायचे, आणि खडे व मधली अंतरं वेगवेगळी मोजायची.

बऱ्याच वेळानं परत आली. "शेवटचा खडा पयल्याच्याच जाग्यावर येते जी."

प्रकाशकाला मी सतराव्याबद्दल पोस्टकार्ड टाकलं: कार्यपत्रिकेचा क्रमांक, प्रश्न क्रमांक, छापलेलं उत्तर, बरोबर उत्तर आणि वीस मीटरचं उदाहरण. उत्तर आलेलं नाही. मूळ शिष्यवृत्ती परीक्षेत ही सोय असते. परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते, त्यावर आक्षेप मागवते आणि मग अंतिम सूची काढते. बाजारातल्या सराव संचाला असलं काही नसतं. म्हणून शाळेच्या कपाटातल्या प्रतीत शेवटच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहून घेतलं आहे: 'प्र. १७ – पर्याय ३.' त्याखाली 'प्र. २२ –' असं लिहून एक आडवी रेघ मारलेली आहे. खालचं वाचता येतं.