नुसत्या फोटोवरून आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा मेसेज कसा लिहावा

भाऊबंदांत, मित्रमंडळींत जरा बरं लिहिणारं कुणी असलं की त्याला असा फोटो हमखास येतो. खाली एकच ओळ असते, 'आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, छानसं काहीतरी लिहून दे.' नावं नाहीत, कितवा वाढदिवस तेही नाही. तरीही मेसेज चांगला होतो, फक्त डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं.

आधी फोटो मोठा करून सावकाश बघा. परवा माझ्याकडे आलेल्या फोटोत ओट्यावर एक वयस्कर जोडपं बसलेलं होतं आणि मागे तिघं तरुण उभे होते. बाईंच्या मांडीवर बाळ होतं आणि त्याने पदर मुठीत घट्ट धरला होता. शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या मांडीवर बाईंची पर्स होती. मला मेसेज त्या पर्समध्येच सापडला. चेहऱ्यावरचं हसू प्रत्येक फोटोत असतं, त्यावर लिहिलेलं कुणालाही चालतं. पर्स याच दोघांची.

मग काय लिहायचं नाही ते ठरवा. पांढरे केस बघून 'सुवर्णमहोत्सव' म्हणू नका, चाळिसावाही असू शकतो. कोपऱ्यातली तारीख असलीच तर ती फोटोची, लग्नाची नव्हे. बाळाला 'नातू' म्हणू नका, नात असेल किंवा शेजारचं मूलही असेल. 'तुम्ही खूप खस्ता खाल्ल्या' हेही फोटोत दिसत नाही.

मराठीत आणखी एक अडचण येते. पाठवणारा मुलगा की मुलगी हे माहीत नसताना 'मी शिकलो' लिहिलं आणि पाठवणारी मुलगी निघाली, तर मेसेज उसना आहे हे लगेच कळतं. म्हणून 'आम्ही' लिहा. कुणाच्या घरी बाबांना 'अरे' म्हणतात, कुणाच्या 'अहो'. 'तुम्ही दोघं' म्हटलं की तोही प्रश्न मिटतो.

मी लिहिलं ते असं:

'आई-बाबा, लग्नाच्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! हा फोटो बघताना नजर एकाच जागी थांबते. आईच्या मांडीवर बाळ आणि आईची पर्स बाबांच्या मांडीवर. ती धरा असं कुणाला सांगावंही लागलं नसेल. तुम्ही दोघं असेच शेजारी शेजारी बसा, आम्ही मागे उभे आहोतच.'

पाठवण्याआधी एक गोष्ट मात्र विचारूनच घ्या. फोटोत दोन जोडपी असतील, तर आई-बाबा नेमके कोणते? तसंच फोटो जुना, रंग उडालेला वाटला तर दोघंही आहेत ना, हे हळुवारपणे विचारा. एक जण नसेल तर 'असेच शेजारी बसा' ही ओळ काढून टाका आणि मेसेज जे आहेत त्यांच्याच नावाने नव्याने लिहा.