करंट मिररमधली बीटाची चूक काढताना या चुका टाळा

दोन एकसारखे एनपीएन ट्रान्झिस्टर घ्या. दोघांचे बेस एकमेकांना जोडा, दोन्ही एमिटर ग्राउंडला. Q1 चा कलेक्टर त्याच्याच बेसला जोडा आणि तिथून 10 किलोओहमचा रेझिस्टर 12 व्होल्टला न्या. या रेझिस्टरमधून वाहतो तो संदर्भ करंट आणि Q2 च्या कलेक्टरमध्ये मिळतो तो आउटपुट करंट. सर्किट एवढंच आहे, पण परीक्षेत आणि ब्रेडबोर्डवर त्यात त्याच त्या चुका होताना दिसतात.

पहिली चूक लगेच सुधारता येते. संदर्भ करंट काढताना 12 ला 10 ने भागून 1.2 मिलिअँपिअर लिहिलं जातं. पण रेझिस्टरवर पूर्ण 12 व्होल्ट पडतच नाहीत. Q1 चा बेस-एमिटर व्होल्टेज, साधारण 0.7 व्होल्ट, आधी वजा करावा लागतो. म्हणजे 11.3 भागिले 10, उत्तर 1.13 मिलिअँपिअर. हा 0.7 विसरलात तर 6 टक्क्यांची चूक होते, आणि आपण शोधतोय ती बीटाची चूक, म्हणजे बेसमध्ये जाणाऱ्या करंटमुळे आउटपुटमध्ये येणारी तूट, त्याच्या एक तृतीयांशच आहे.

दुसरी चूक जास्त खोलवरची आहे: संदर्भ करंट म्हणजेच Q1 चा कलेक्टर करंट असं धरणं. Q1 च्या कलेक्टरपाशी करंटला तीन वाटा फुटतात. मोठा भाग Q1 च्या कलेक्टरमध्ये जातो, एक छोटा भाग Q1 च्या बेसमध्ये आणि तेवढाच Q2 च्या बेसमध्ये. बीटा म्हणजे कलेक्टर करंट भागिले बेस करंट. दोन्ही बेस त्याच एका रेझिस्टरवर पोसले जातात, म्हणून सूत्रात 1/β नाही, 2/β येतो.

```
IREF = IC + 2·IC/β
IOUT = IC = IREF / (1 + 2/β)
```

बीटा 100 असेल तर 1.13 भागिले 1.02, म्हणजे 1.108 मिलिअँपिअर. तूट सुमारे 2 टक्के. बीटा 20 असेल, जसा जुन्या आयसींमधल्या लॅटरल पीएनपीचा असू शकतो, तर तूट 9 टक्क्यांवर जाते. एकाच Q1 वर चार आउटपुट ट्रान्झिस्टर लावले, तर बेस पाच होतात आणि 2 च्या जागी 5 येतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा बेस मोजा.

आता ब्रेडबोर्ड. Q2 च्या कलेक्टरला 1 किलोओहमचा लोड लावला आणि करंट 1.22 मिलिअँपिअर दिसला, की पुष्कळ जण बीटा बदलून हिशेब जुळवायला बसतात. तो कधीच जुळणार नाही. जोडी सारखी असेल तर बीटाची चूक आउटपुट फक्त कमी करते. आउटपुट संदर्भापेक्षा जास्त असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं. इथे Q2 वर जवळजवळ 10.8 व्होल्ट आहेत आणि Q1 वर 0.7. कलेक्टरवरचा व्होल्टेज वाढला की करंटही थोडा वाढतो, हा अर्ली परिणाम; त्याचं माप असलेला अर्ली व्होल्टेज 100 व्होल्ट धरला, तर एवढ्या फरकानेच करंट सुमारे 10 टक्के वाढतो आणि बीटाची 2 टक्के तूट त्याखाली गाडली जाते.

म्हणून बीटाचा परिणाम बघायचा तर Q2 चा कलेक्टरही 0.7 व्होल्टच्या आसपास आणा. सोपा मार्ग म्हणजे लोडही 10 किलोओहमचाच लावा. त्यावर 11.08 व्होल्ट पडतील आणि Q2 वर 0.92 उरतील. मग दोन्ही रेझिस्टरवरच्या व्होल्टेजची तुलना करा. दोन्ही रेझिस्टर आधी मीटरने मोजून घ्या. 5 टक्के टॉलरन्सच्या रेझिस्टरनी 2 टक्क्यांची तूट पकडता येत नाही. Q2 वर 0.3 व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर तो सॅच्युरेट झालाय किंवा त्या काठावर आहे. ते मोजमाप सोडून द्या आणि थोडा लहान लोड लावा.

सुटे ट्रान्झिस्टर वापरत असाल तर Q1 आणि Q2 ची अदलाबदल करून पुन्हा मोजा. आकडा बदलला तर जोडी जुळलेली नाही. बेस-एमिटर व्होल्टेजमधला 2 मिलिव्होल्टचा फरकसुद्धा करंट 8 टक्क्यांनी हलवतो, आणि तेवढा फरक पडायला दोन ट्रान्झिस्टरांमध्ये 1 अंश सेल्सिअसचा तापमानफरक पुरतो. Q2 ला नुसतं बोट लावल्यावर करंट चढू लागला, तर तापमान किती बोलतंय ते कळतं. दोन्ही ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून चिकटवा, किंवा एकाच चिपवरची जोडी घ्या.

बेस करंट पुरवायला तिसरा ट्रान्झिस्टर जोडला, की बीटा 100 ला चूक 2 टक्क्यांवरून सुमारे 0.02 टक्क्यांवर येते. पण तेव्हा Q1 च्या कलेक्टरवर दोन बेस-एमिटर व्होल्टेज उभे असतात, म्हणून 12 मधून 1.4 वजा करायचे. संदर्भ करंट 1.06 मिलिअँपिअर होतो. अर्ली परिणाम मात्र जसाच्या तसा राहतो. त्याला हा तिसरा ट्रान्झिस्टर काहीच करत नाही.